कणगीचा तळ

आमच्या शेडमध्ये एक पत्र्याची मोठी टाकी होती. कागदावर तिचं नाव 'साठवण टाकी क्रमांक एक'. आम्ही सगळ्याजणी मात्र तिला कणगी म्हणायचो. मका त्यात वरनं ओतायचा आणि खालच्या झडपेतनं काढायचा. बेंबळी गावाच्या पुढं रस्त्याला लागून हे शेड. आम्ही अकरा बायका, बचत गटातनं कंपनी झालेल्या, जनावरांचा खुराक तयार करायचो. मका, सोयापेंड, शेंगदाण्याची पेंड, कोंडा, मीठ, खनिज पावडर. दळायचं, मिसळायचं, पन्नास किलोची पिशवी शिवायची. वास सगळा अंगाला. माझा नवरा म्हणायचा, तू घरी आलीस की म्हैस मान वर करून बघती. म्हणू दे.

मी बारावी झालेली, अक्षर चांगलं, आणि तोंडही चांगलं चालतं. म्हणून वह्या माझ्याकडं. त्यातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे ट्रेसेबिलिटी शीट. हे नाव आमच्यातल्या निम्म्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. एकीनं 'पत्रिका' म्हणायला सुरुवात केली आणि तेच पडलं. खरं म्हणजे नाव बरोबरच होतं. प्रत्येक पिशवीची पत्रिका. ती कुठल्या मक्यातनं जन्मली, कुणाच्या घरी गेली, सगळं एका ओळीत.

शिकवायला लातूरकडनं एक सर यायचे. त्यांनी फळ्यावर तीन घरं काढली. पहिल्यात कच्चा माल: गाडी आली की त्या मालाला लॉट नंबर, कुणाकडनं आला, किती आला, ओल किती. मधल्या घरात बॅच: आज कुठल्या लॉटमधला किती किलो मका, कुठल्या लॉटमधली किती पेंड, आणि त्यातनं किती पिशव्या झाल्या. तिसऱ्यात गिऱ्हाईक: कुठल्या बॅचच्या किती पिशव्या कुणाला, कुठल्या दिवशी, फोन नंबर. म्हणाले, उद्या एखादा लॉट खराब निघाला तर डावीकडनं उजवीकडं वाचायचं, कुणाच्या दावणीला गेला ते कळतं. उद्या एखाद्याचं जनावर आजारी पडलं तर उजवीकडनं डावीकडं वाचायचं, कुठल्या मक्यानं घात केला ते कळतं. मला हे फार आवडलं होतं. लगोलग मी घरी जाऊन नवऱ्याला शिकवलं. त्यानं जांभई दिली.

त्या कागदावर शेवटी एक बारका रकाना होता. 'लॉट बदलताना टाकी रिकामी व साफ: हो / नाही.' सरांनी त्याच्यावर खडूनं दोनदा गोल काढला होता. ते म्हणाले होते, बाई, बाकी सगळं चुकलं तर चालेल, पण ही खूण खरी असू द्या. टाकी रिकामी झाली तरच एक लॉट संपतो आणि दुसरा सुरू होतो. नाही तर तुमचे लॉट फक्त कागदावर वेगळे.

आम्ही माना हलवल्या. समजलंही होतं, न समजण्याजोगं काय आहे त्यात?

पण कणगीचा तळ दाखवू नये, हे आम्हाला त्याच्या कितीतरी आधी समजलेलं होतं. आमच्याकडं कुठल्याच घरात धान्याचा डबा खरवडून काढत नाहीत. मूठभर ठेवायचं, मग वरनं नवं घालायचं. तळ दिसला की बरकत जाती. माझी आई पिठाच्या डब्यात चार बोटं पीठ ठेवूनच दळण आणायला पाठवायची. शेड सुरू झालं त्या दिवशी टाकीला हळदीकुंकू मीच लावलं आणि पहिली ओंजळ मीच टाकली. तेव्हापासून कणगी कधी रिकामी झाली नाही. घरच्या डब्यात मूठ, तर एवढ्या मोठ्या टाकीत घमेलंभर तर राहायलाच पाहिजे, असं आमचं गणित. आणि टाकीचा तळ सपाट, झडप एका कडेला. पलीकडच्या कोपऱ्यातला मका तसाही खाली येत नव्हता. कुणी आत वाकून काढतही नव्हतं.

आणि मी दर लॉटला 'हो'वर खूण करायचे.

खोटं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही, हे इथं सांगायलाच पाहिजे. मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, रिकामीच आहे की, ती मूठ काय मोजायची? आकडेही जुळायचे. सहाशे किलो आला, सहाशे किलो गेला. जुळणारच. तळाशी जेवढं काल होतं तेवढंच आज होतं. फक्त ते कुणाचं होतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

वर्षातनं दोनदा सर खोटी परत-मागणी, म्हणजे विकलेला माल परत बोलवायची तालीम, करून बघायचे. अचानक यायचे, खिशातनं चिठ्ठी काढून म्हणायचे, हा पेंडीचा लॉट विषारी आहे समजा, चला, घड्याळ लावतो. मी पत्रिका उघडायची आणि बोट फिरवायची. शेवटच्या वेळी पंचवीस मिनिटांत सगळी गिऱ्हाइकं सांगितली. सरांनी टाळी वाजवली. आमच्या अध्यक्षबाईंनी सगळ्यांना वडापाव खिलवला आणि मी आठवडाभर हवेत होते.

खरी वेळ आली ती परतीचा पाऊस होऊन गेल्यावर. एका दूध डेअरीला आमच्या पिशव्या जायच्या. ते लोक अधनंमधनं खुराक तपासायला पाठवायचे. सकाळी त्यांच्या माणसाचा फोन आला. बॅच बासष्टमध्ये बुरशीचं विष निघालंय, मर्यादेच्या वर. अफ्लाटॉक्सिन. ओल्या मक्यावर, पेंडीवर हिरवी बुरशी धरती, तिच्यात हे असतं. दिसत नाही, वास येईलच असं नाही, आणि शिजवलं, भाजलं तरी जात नाही. ते जनावराचं काळीज, म्हणजे यकृत, खातं. दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं, म्हणजे माणसापर्यंत येतं. मी घाबरले, पण खरं सांगू? त्या भीतीच्या शेजारीच एक दुसरंही काहीतरी होतं. आता बघा म्हणावं माझी पत्रिका.

उजवीकडनं डावीकडं वाचलं. बासष्टला मका लॉट चौदा. तो लॉट पावसाच्या दिवसांतच आलेला, ओल मर्यादेला टेकलेली. मग चौदाला धरून डावीकडनं उजवीकडं: बॅच एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. तीस पिशव्या. डेअरी, दोन दुकानदार, आणि शेडवरनं थेट नेणारे सहाजण. चाळीस मिनिटांत यादी तयार. मी फोनवर बसले, दुसऱ्या दोघी टेम्पो घेऊन निघाल्या. संध्याकाळपर्यंत सव्वीस पिशव्या परत आल्या. चार उघडून खाऊ घातल्या होत्या. त्या चारही घरी जाऊन सांगितलं की हा खुराक बंद करा, जनावरावर नजर ठेवा, दूध विकू नका. परत आलेल्या पिशव्यांवर लाल रंगानं फुल्या मारल्या आणि वेगळ्या रचल्या. अध्यक्षबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, "तू नसतीस तर आपलं तोंड काळं झालं आसतं गं." मीही तेव्हा हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आल्या.

आत्या म्हणजे कुणाच्या सख्ख्या आत्या नव्हेत, सगळ्या शिवाराच्या आत्या. शेडच्या मागं दोन शेतं ओलांडली की धनगरांची पाच-सहा घरं, त्यातलं शेवटचं त्यांचं. नवरा कधीच गेलेला, लेक लांब दिलेली. घरात माणूस म्हणून त्या एकट्या आणि दाराशी नऊ शेळ्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, आपल्या इकडच्या. त्यातल्या पाच गाभण होत्या. आमच्या इकडची शेळी जुळी देती, त्यामुळं आत्यांचा हिशोब दहा करडांचा होता. तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघायचं. दुसरं काही नव्हतंच. ना शेत, ना कुणाचा हात. एरवी नुसत्या चाऱ्यावर शेळ्या पाळणारी बाई, पण गाभण जनावराला खुराक पाहिजे म्हणून त्या आमच्याकडनं पिशवी न्यायच्या आणि भाकरीच्या टोपल्यातनं मोजून नऊही जणींना घालायच्या.

त्या आल्या तेव्हा हातात पिशवीची शिवण उसवून काढलेली चिठ्ठी होती. प्रत्येक पिशवीला आम्ही बॅच नंबरची चिठ्ठी शिवायचो. आत्यांना वाचता येत नाही. चिठ्ठी माझ्या पुढं धरून म्हणाल्या, "पोरी, टेंपू घरोघर फिरतुया म्हनं. खुराकात इख निगालं म्हनं. माझी पिसवी त्यात हाय का बग."

मी चिठ्ठी बघितली. सदुसष्ट. पत्रिका उघडली, उगाच नव्हे, नीट उघडली, त्यांना दिसेल अशी. सदुसष्टला मका लॉट सोळा. नवा, कोरडा, ओल कमी, डोळ्यांनी बघितलेला. यादी एकसष्ट ते त्रेसष्ट.

"न्हाय आत्या. तुमची पिशवी यादीत न्हाय. बिनघोर घाला."

"नक्की ना? पोटुशा हायेत गं."

"आत्या, मी सांगतीय ना! कागद खोटं बोलत न्हाय." आणि वरनं चेष्टासुद्धा केली, "शेळ्यांच्या आधी तुमीच खाऊन बघा, गोड लागंल."

त्या हसल्या. पदरात चिठ्ठी बांधली आणि म्हणाल्या, "तुज्या जिवावर घालते बग." असं त्या नेहमीच म्हणायच्या, कशालाही. मी कागद मिटला आणि चहा टाकायला गेले.

सहा-सात दिवसांनी आत्या पुन्हा आल्या, या वेळी अनवाणी. दोन शेळ्यांनी खाणं सोडलं होतं, मान टाकून बसल्या होत्या. मी म्हणाले, थंडीनं असंल, आत्या. मनात तरी दुसरं काय येणार? पण निघताना त्या म्हणाल्या, "डोळं पिवळं झाल्यात गं तेंचं." ते शब्द मात्र माझ्या मागं लागले. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या आधीच आत्यांच्या वस्तीवर जाऊन पोचले.

एक गेलेली होती. दुसरीनं गाभ टाकला होता. दोन करडं, केसही न आलेली, आत्यांनी पोत्यावर ठेवली होती. त्यांनी ती झाकलीसुद्धा नव्हती. डॉक्टरांनी मेलेली शेळी तिथंच उघडून बघितली. काळीज पिवळं पडलेलं. त्यांनी हात धुतले आणि मग मला विचारलं, "खुराक कुठला?"

मी म्हणाले, "आमचाच. पण हा त्या यादीतला न्हाय, डॉक्टर."

"यादीचं नंतर बघू. आता पहिला हा बंद करा."

याला उतारा आहे का, विचारलं. नाही, म्हणाले. ताकद यायची औषधं देतो, बाकी जिचं काळीज टिकलं ती राहील. पिशवीत निम्माच खुराक उरला होता. हात घालून बघितला तर पिठात बारीक बारीक हिरवट खडे लागले, दळणातनं सुटलेले. मी ते नाकाला लावले. कुबट वास आला.

शेडवर आले तेव्हा कणगी भरायचं काम चाललं होतं. कणगीवर जी बाई काम करायची, ती वयानं माझ्याएवढीच, कामाला वाघीण. मी तिला विचारलं, सदुसष्टच्या दिवशी काय वेगळं झालं होतं का गं? तिनं आठवून सांगितलं. आठवावं लागलं तिला, इतकं ते साधं होतं.

"काय न्हाय बाई. झडपंतनं मका यीना झाल्ता. म्या बांबू घालून कोपऱ्यात ढोसलं. गठ्ठा धरला हुता मागं. फुटला आन् आला सगळा भडाभडा."

"मग?"

"मग काय? दळला."

मी म्हणाले, काढा. सगळा मका बाहेर काढा. अध्यक्षबाई म्हणाल्या, आज शनिवार आहे, तळ काढू नये. मी त्यांच्यावर ओरडले. पहिल्यांदा आणि शेवटचं. कणगीत मी स्वतः उतरले, तोंडाला पदर बांधून. मागच्या कोपऱ्यात, बांबूच्या घावांच्या खाली, अजून ओंजळभर गठ्ठा पत्र्याला चिकटून होता. वरनं हिरवा, आतनं काळा, हाताला ओला लागणारा. तो लॉट चौदाचाच होता असं तरी कशावरनं म्हणू? तेरा असेल, बारा असेल. पहिल्या दिवशी हळदीकुंकवासोबत मी टाकलेली ओंजळही त्यातच कुठंतरी असेल. कोपऱ्यातला मका तिथं किती दिवस सडत होता ते कुठल्याच ओळीत नव्हतं. वरनं चौदा गेला, पंधरा गेला, सोळा आला, आणि मी दर वेळी 'हो'वर खूण केली होती.

सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, परत-मागणी लॉटपुरती करायची नसते. दोन सफायांच्या मधला सगळा माल परत मागवायचा असतो. तुमची शेवटची सफाई कधी झाली होती?"

मी म्हणाले, "झालीच न्हवती, सर. एकदाबी."

दुसऱ्यांदा टेम्पो फिरला, या वेळी जिथं जिथं आमची पिशवी होती तिथं सगळीकडं. दुकानदारांनी तोंडावर दारं लावली नाहीत एवढंच. सदुसष्टच्या दहा पिशव्यांतल्या सात परत आल्या. दोन खाऊन संपल्या होत्या, त्या घरच्या जनावरांना काही झालेलं नव्हतं. गठ्ठा सगळ्या पिशव्यांत सारखा थोडाच जातो? दळताना ज्या पिशवीच्या तोंडाशी आला तिच्यात. तो आत्यांच्या पिशवीत गेला.

पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी वस्तीवर जायचे. औषध पाजायला दोघी लागायच्या. आत्या शेळीचं तोंड धरायच्या, मी बाटली ओतायचे. प्रत्येक शेळीला नाव होतं. ती नावं मी इथं लिहीत नाही, मला ती लिहवत नाहीत. तिसरी गेली, चौथी गेली. पाचही गाभण शेळ्यांचे गाभ गेले. दहा करडं होणार होती, एकही झालं नाही. आत्यांनी सोनारीच्या काळभैरवाला नवस बोलला की नऊतल्या निम्म्या तरी राहू दे. शेवटी दोन राहिल्या, त्याही भाकड वाटाव्या अशा, हाडं निघालेल्या. ऐन थंडीत त्यांतली एक गेली. उरलेल्या एकीला लेकीकडं पाठवलं. एकटी शेळी ओरडून ओरडून जीव खाती म्हणाल्या.

त्या मला एकदाही काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत होते. शिव्या द्याव्यात, माती टाकावी, निदान 'तूच म्हणालीस ना' एवढं तरी म्हणावं. एक दिवस मीच म्हणाले, "आत्या, माझं चुकलं." तर म्हणाल्या, "तू वाचून सांगितलंस. कागदात जे हुतं ते सांगितलंस. त्यात तुजं काय?" मला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

तपासायला सरकारी साहेब आले. त्यांनी पत्रिका बघितली. आम्ही प्रत्येक बॅचची बाटलीभर वानगी जपून ठेवायचो, ती नेली. सदुसष्टची वानगी चांगली निघाली. निघणारच, बाटलीत गठ्ठ्याचा खडा आलाच नव्हता. साहेब म्हणाले, "बाई, रेकॉर्ड तुमचं एक नंबर आहे. या कागदावरनं तुमच्यावर काही येत नाही." अध्यक्षबाईंनी हुश्श केलं. मी साहेबांना त्या बारक्या रकान्यावर बोट ठेवून दाखवलं. सांगितलं की ही खूण खोटी आहे, ही पण, ही पण, सगळ्या. साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "असं सगळीकडंच असतं हो." वही मिटून मला परत दिली. मग आत्यांच्या शेळ्या कशानं मेल्या, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी विचारलं. ते जीपकडं चालायला लागले होते.

डेअरी सुटली. दुकानदारही एकेक करून सुटले. आता शेड आठवड्यातनं दोन दिवस चालतं, अकरातल्या पाचजणी येतो. बाकीच्या सोयाबीनच्या कामाला जातात. नियम आता कडक आहे. लॉट बदलताना कणगी पूर्ण रिकामी करायची, झाडायची, एक दिवस उन्हात उघडी ठेवायची आणि दोघींनी आत बघून सह्या करायच्या. रकाना मोठा केलाय. सही केल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही.

आत्यांना आम्ही दोन शेळ्या दिल्या, एक माझ्या दावणीची, एक अध्यक्षबाईंची. त्यांनी घेतल्या. न घेऊन काय करणार होत्या? आता त्यातली एक गाभण आहे.

परवा त्या शेडवर आल्या. अजून पिशवी घेतली नव्हती. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "पोरी, काळी पोटुशी हाय. खुराक घालावा म्हनते. चांगला हाय का तेवडं बग आन् सांग. मग नेते."

मी म्हणाले, थांबा. वही उघडली. सगळं बरोबर होतं. लॉट नवा, ओल कमी, सफाई कालची, दोन सह्या. एक सही माझीच. तरी मी उठले, आत गेले आणि शिडीवर चढून कणगीत डोकावले. नवा मका ओतायचा होता, आत्यांची पिशवी त्यातनंच व्हायची होती; टाकी झाडलेली, पत्रा चकचकत होता.

मागच्या कोपऱ्यात मूठभर मका होता. सांडलेला नव्हता. नीट ठेवलेला, बाजूला कुंकवाचं बोट लावलेलं.

सहीनंतर कुणीतरी टाकला होता. चांगला, कोरडा मका, मूठभरच. त्यात वाईट काहीच नसेल. आम्हा पाचजणींतलंच कुणीतरी, शेड चालावं म्हणून, मनापासून. मी ती मूठ उचलली. हातात धरून तशीच शिडीवर उभी राहिले. आज उचलली. उद्या मी सही करून पाठ फिरवली की?

बाहेर आले तेव्हा आत्या तशाच उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडं बघत.

"काय गं? घालू का?"

"मला माहीत न्हाय, आत्या."

त्यांनी माझ्या पुढ्यातल्या उघड्या वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आसं कसं? मग म्या कुणाला इचारू?"